ताम्हिणी पुसून पाहा: रस्त्यांचं जाळं मोजायचं कसं आणि नव्या रस्त्याने नेमकं काय बदलतं

नव्या रस्त्याच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'अंतर इतक्या किलोमीटरने कमी होणार.' कुणाचं अंतर, कुठपासून कुठपर्यंत आणि कुठल्या दिवशी, हे मात्र त्यात नसतं. ते शोधायला फार गणित लागत नाही. एक कागद, पेन्सिल आणि बेरीज-वजाबाकी पुरते. वाहतूक भूगोलात यासाठी रस्त्यांचा नकाशा ठिपके आणि रेघा एवढ्यावर आणतात. ठिपका म्हणजे नोड आणि रेघ म्हणजे दुवा. कॅरेल कान्स्की यांनी 1963 मध्ये अशा जाळ्यांसाठी निर्देशांकांचा एक संच मांडला. त्यातले अल्फा, बीटा आणि गॅमा आजही भूगोलाच्या अभ्यासक्रमात आहेत. परीक्षेत ते सूत्र म्हणून पाठ होतात आणि तिथेच राहतात. इथे ते एका खऱ्या जागी लावून पाहू.

जागा आहे सह्याद्री. कोकणातून मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो आणि देशावरून पुणे-बंगळुरू महामार्ग जवळजवळ त्याला समांतर जातो. मधे डोंगराची भिंत आणि ती ओलांडणारे मोजके घाट. नकाशा थोडा लांबून पाहिला तर ही शिडी दिसते: दोन उभे दांडे आणि मधे घाटांच्या पायऱ्या. आपला प्रश्न असा की पुणे-माणगाव ही ताम्हिणी घाटाची पायरी नसती तर काय झालं असतं? असलेला रस्ता पुसून परत काढायचा. नव्या रस्त्याचा हिशेबही असाच करतात, फक्त उलट्या दिशेने.

पहिली पायरी: कशाला नोड म्हणायचं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नोड म्हणजे मोठं गाव नव्हे. जिथे वाहनचालकाला रस्ता निवडता येतो, ती जागा नोड. सुरूर फाटा हे उत्तम उदाहरण. तिथे शहर नाही, पण वाई-पाचगणी-महाबळेश्वरचा रस्ता तिथेच महामार्ग सोडतो, म्हणून सुरूर नोड आहे.

आपल्या छोट्या नकाशात आठ नोड घेऊ. कोकणात पनवेल, माणगाव, पोलादपूर, चिपळूण. घाटमाथ्यावर महाबळेश्वर. देशावर पुणे, सुरूर, कराड. साताऱ्याच्या वाचकांनी रागावू नये. साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला जाणारा रस्ता नकाशा लहान ठेवण्यासाठी मी वगळला आहे. तो वगळला की सातारा सुरूर आणि कराड यांच्या मधला एक मणी उरतो, तिथे निवड करायला काही राहत नाही. महाबळेश्वरही मग मणीच उरतं, पण त्याच्या दोन बाजूंचे घाट वेगवेगळे मोजायचे आहेत म्हणून ते ठेवलं आहे. भोर-महाडचा वरंधा घाटही सध्या बाजूला ठेवला आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

माणगावचं काय? ताम्हिणी पुसली तर माणगावही मणीच ठरतं. तरीही ते पहिल्यापासून नकाशात हवं, कारण नवा रस्ता तिथे येऊन मिळणार आहे. 'आधी' आणि 'नंतर' या दोन्ही नकाशांत नोडची संख्या तीच ठेवायची. हे चुकलं तर पुढचे सगळे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यालायक राहत नाहीत.

एक खबरदारी आणखी. नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदतात म्हणून तिथे नोड असतोच असं नाही. एक रस्ता वरून, दुसरा खालून गेला आणि चढायला-उतरायला जागा नसली, तर तिथे जोडणी नाही. समृद्धी महामार्ग 701 किमीचा आहे, पण त्यावर ठरावीक इंटरचेंजवरूनच जाता येतं. ज्या गावाच्या शिवारातून तो जातो आणि जवळ इंटरचेंज नाही, त्या गावाला जाळ्याच्या हिशेबात त्या रस्त्याने काहीही दिलेलं नाही. बांधावरून गाड्या दिसतात एवढंच.

दुसरी पायरी: दुवे मोजा

ताम्हिणी पुसलेली असताना आपले दुवे असे. अंतरं गोळाबेरीज आहेत. तुम्ही मोजलीत तर पाच-सात किमी इकडे-तिकडे होतील, पद्धत बदलणार नाही.

| दुवा | किमी |
|---|---|
| पनवेल–माणगाव | 105 |
| माणगाव–पोलादपूर | 45 |
| पोलादपूर–चिपळूण | 70 |
| पनवेल–पुणे (बोरघाट) | 110 |
| पुणे–सुरूर | 75 |
| सुरूर–कराड | 85 |
| सुरूर–महाबळेश्वर (पसरणी घाट) | 45 |
| महाबळेश्वर–पोलादपूर (आंबेनळी घाट) | 40 |
| चिपळूण–कराड (कुंभार्ली घाट) | 95 |

म्हणजे नोड `v = 8`, दुवे `e = 9`. जाळं एकसंध आहे, कुठलाही तुकडा सुटलेला नाही. आता निर्देशांक:

```
β = e / v
μ = e − v + 1
α = μ / (2v − 5)
γ = e / (3(v − 2))
```

बीटा म्हणजे दर नोडमागे दुवे. आपला बीटा 9 भागिले 8, म्हणजे 1.125. जाळं झाडासारखं असेल, फांद्या आहेत पण फिरून परत येणारी वाट नाही, तर बीटा 1 पेक्षा कमी येतो. एकच फेरा असला तर बरोबर 1.

म्यू म्हणजे स्वतंत्र फेऱ्यांची संख्या. मला या चौघांत हाच सर्वांत कामाचा वाटतो. आपला म्यू 9 − 8 + 1 = 2. एक फेरा पनवेल-माणगाव-पोलादपूर-महाबळेश्वर-सुरूर-पुणे-पनवेल असा आणि दुसरा पोलादपूर-चिपळूण-कराड-सुरूर-महाबळेश्वर-पोलादपूर असा. अल्फा सांगतो की जास्तीत जास्त जितके फेरे शक्य आहेत त्यांपैकी किती आहेत: 2/11, म्हणजे 0.18. गॅमा हेच दुव्यांबद्दल सांगतो: शक्य 18 पैकी 9, म्हणजे 0.50. शक्य दुवे 18 धरले, कारण रेघा एकमेकींना न छेदता सपाट कागदावर आठ ठिपक्यांत तेवढ्याच बसतात.

आता पुणे-माणगाव ही 105 किमीची दहावी रेघ ओढा. बीटा 1.25, म्यू 3, अल्फा 0.27, गॅमा 0.56. सगळे वाढले. पण एक दुवा वाढला की ते वाढणारच! ताम्हिणीऐवजी पनवेलहून कराडला रेघ ओढली असती तरी हेच आकडे आले असते. हे निर्देशांक जाळ्याचा पोत सांगतात. रस्ता कुठे टाकला, कुणाला मिळाला, हे त्यांना कळत नाही.

शिवाय ते नोडच्या निवडीवर नाचतात. 'आधी'च्या नकाशात सातारा आणि कोलाड हे दोन मणी घाला. दहा नोड, अकरा दुवे. रस्ता तसूभरही बदलला नाही, तरी बीटा 1.125 वरून 1.10 वर आणि गॅमा 0.50 वरून 0.46 वर येतो. म्यू मात्र दोनच राहतो. दोन जिल्ह्यांच्या बीटाची तुलना करणारा तक्ता दिसला, तर दोन्हीकडे नोड एकाच नियमाने निवडले आहेत का हे आधी पाहायचं. नसतील तर तो तक्ता बाजूला ठेवायचा.

तिसरी पायरी: टप्पे मोजा

रस्ता कुणाला मिळाला हे कळायला सुगम्यता मोजावी लागते. सर्वांत सोपी रीत अशी: प्रत्येक नोडपासून बाकी प्रत्येक नोडपर्यंत कमीत कमी किती दुवे ओलांडावे लागतात ते मोजायचं आणि बेरीज करायची. बेरीज जितकी लहान तितकं ते ठिकाण सुगम.

ताम्हिणी नसताना माणगावची बेरीज पाहू. पनवेल 1, पोलादपूर 1, पुणे 2, चिपळूण 2, महाबळेश्वर 2, सुरूर 3, कराड 3. एकूण 14. ताम्हिणी आली की पुणे 1 होतं, सुरूर 2 होतं आणि बेरीज 12 वर येते. पुण्याचीही 14 वरून 12, पोलादपूर आणि सुरूर यांची 12 वरून 11. पनवेल 15, चिपळूण 14, कराड 14 आणि महाबळेश्वर 13 जागच्या जागी. आठही बेरजा मिळवल्या तर 108 चे 102 होतात.

पडताळा घेण्याची एक सोय आहे. नोडांच्या तीन जोड्यांचं अंतर एकेका टप्प्याने घटलं: माणगाव-पुणे, माणगाव-सुरूर, पोलादपूर-पुणे. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी मोजली जाते, म्हणून घट सहाची हवी. 108 उणे 102, बरोबर सहा. तुमच्या तक्त्यात विषम आकडा आला तर कुठेतरी एकाच बाजूला बदल केलाय आणि दुसरीकडे विसरलाय असं समजा.

चौथी पायरी: किलोमीटर घाला, म्हणजे भ्रम उतरतो

टप्प्यांच्या मोजणीत पोलादपूर-महाबळेश्वरचे 40 किमी आणि पनवेल-पुण्याचे 110 किमी सारखेच धरले जातात. आता दुव्यांवर अंतर लिहू आणि बेरीज पुन्हा करू.

माणगावहून पुणे, ताम्हिणी नसताना: पनवेलवरून 215 किमी, पोलादपूर-महाबळेश्वर-सुरूरवरून 205. म्हणजे 205 धरायचे. ताम्हिणीमुळे ते 105 होतात. शंभर किमी वाचले, बातमीत बसणारा आकडा.

पण माणगाव-सुरूर पाहा. टप्प्यांत इथे फायदा दिसला होता, 3 चे 2. किलोमीटरमध्ये पोलादपूर-महाबळेश्वरची वाट 130 आहे आणि पुण्याहून वळसा घेतला तर 180. फायदा शून्य. उलट चिपळूण-पुणे या जोडीत टप्पे तेच तीन राहिले होते, तिथे अंतर 230 वरून 220 झालं. पोलादपूर-पुणे 160 वरून 150. बाकीच्या जोड्यांत काहीच बदललं नाही.

म्हणजे 28 जोड्यांपैकी तीन बदलल्या, त्यांतल्या दोन जेमतेम. सर्व नोडांच्या बेरजांची बेरीज 7490 वरून 7250 झाली, म्हणजे साधारण 3 टक्के. माणगावची बेरीज 895 वरून 795 आणि पुण्याची 1060 वरून 940 झाली, म्हणजे या दोघांना प्रत्येकी सुमारे 11 टक्के. बोरघाटाच्या तोंडाशी बसलेल्या पनवेलला काहीही नाही. नव्या रस्त्याचा फायदा जाळ्यावर सारखा पसरत नाही. तो दोन टोकांशी साचतो आणि पुढे लवकर विरत जातो.

नोड वाढले की हातांनी हे जमत नाही. पायथॉनमध्ये एवढं पुरतं:

```python
import networkx as nx
G = nx.Graph()
G.add_weighted_edges_from([
  ("Panvel","Mangaon",105), ("Mangaon","Poladpur",45),
  ("Poladpur","Chiplun",70), ("Panvel","Pune",110),
  ("Pune","Surur",75), ("Surur","Karad",85),
  ("Surur","Mahabaleshwar",45),
  ("Mahabaleshwar","Poladpur",40), ("Chiplun","Karad",95)])
def show():
    for a, d in nx.all_pairs_dijkstra_path_length(G):
        print(a, sum(d.values()))
show()
G.add_edge("Mangaon", "Pune", weight=105)
print("---")
show()
```

या बेरजांत कराड 1115 वर आहे, म्हणजे शेवटून दुसरं. कराडकर हे मान्य करणार नाहीत, आणि बरोबरच आहे. कोल्हापूर नकाशात नाही म्हणून कराड टोकाला पडलं. नकाशाची चौकट जिथे कापाल तिथली ठिकाणं खोटी दुर्गम दिसतात. म्हणून ज्या गावांबद्दल निष्कर्ष काढायचा ती मध्यभागी राहतील आणि चौकट त्यांच्यापलीकडे निदान एक-दोन नोड जाईल, असा नकाशा घ्यावा. आपल्या नकाशात माणगाव आणि पोलादपूर यांच्याबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सुरक्षित आहे.

पाचवी पायरी: वेळ

घाटातला किलोमीटर आणि महामार्गावरचा किलोमीटर एक नव्हे. माझे अंदाज सांगतो, तुम्ही तुमचे घाला: माणगाव-पनवेल आणि माणगाव-पोलादपूर ताशी 50 किमी, पुणे-सुरूर 60, पसरणी आणि आंबेनळी 30, ताम्हिणी 35. पनवेल-पुणे द्रुतगती मार्गाने दीड तास.

आता ताम्हिणी नसताना माणगाव-पुणे महाबळेश्वरवरून 299 मिनिटं आणि पनवेलवरून 216. अंतराने जी वाट जवळची ठरली होती ती वेळेत हरली. ताम्हिणीने लागतात 180 मिनिटं. म्हणजे वाचलेले शंभर किमी प्रत्यक्षात 36 मिनिटं आहेत.

हाच हिशेब उलटा करा, तो जास्त उपयोगाचा आहे. ताम्हिणीच्या 105 किमीला 216 मिनिटं लागली तर फायदा संपतो. म्हणजे सरासरी वेग ताशी 29 किमीच्या खाली गेला की पनवेलचा वळसाच बरा. जुलैतल्या धुक्यात, किंवा पावसाळी रविवारी धबधब्यांपाशी दुतर्फा गाड्या लागलेल्या असताना, 29 हा आकडा काही दूरचा नाही. कुठल्याही नव्या रस्त्यासाठी असा उंबरठ्याचा वेग काढून ठेवावा आणि तो वर्षातले किती दिवस टिकेल हे त्या रस्त्यावरच्या एसटी चालकाला विचारावं.

काही प्रकल्पांत तर नवा दुवा नसतोच. पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या कशेडी घाटाखालचा बोगदा घ्या. म्यू, बीटा, टप्पे सगळं तेच राहतं, बदलतो तो पोलादपूर-चिपळूण या दुव्याचा वेळ. द्रुतगती मार्गावरचा खोपोली-कुसगाव हा 13.3 किमीचा पट्टा 'मिसिंग लिंक' म्हणून ओळखला जातो. आपल्या भाषेत तो लिंकही नाही आणि मिसिंगही नाही, असलेल्याच दुव्याची सुमारे सहा किमीने केलेली काटछाट आहे. याच्या उलट जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू. तो शिवडी आणि न्हावा-शेवा यांच्यामधली खरी नवी रेघ आहे, तिने खाडीभोवती एक नवा फेरा तयार केला. बातमीत तिन्हींचं कौतुक एकाच शब्दांत होतं, म्हणून आधी तपासायचं की रेघ वाढली की रेघेवरचा आकडा बदलला.

दोन टोकांचं माप एक नसतं

माणगाव-पुणे अंतर शंभराने घटलं ते दोघांसाठीही. पण माणगावला जवळ आलं पुणे आणि पुण्याला जवळ आलं माणगाव. हा फरक दाखवायला लोकसंख्येला अंतराने भागतात. 2011 च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या सुमारे 31 लाख होती. माणगावसाठी पुण्याचं वजन 31 भागिले 205, म्हणजे 0.15 होतं, ते 31 भागिले 105, म्हणजे 0.30 झालं, जवळजवळ दुप्पट. पुण्याच्या बाजूने हाच हिशेब केला तर माणगाव इतकं लहान आहे की आकडा हलल्याचं कळतही नाही. मात्र सुगम्यता वाढली म्हणजे माणगावच्या बाजारपेठेचं भलं झालं, असं हे सूत्र म्हणत नाही. ज्या रस्त्याने गिऱ्हाईक येतं त्याच रस्त्याने ते पुण्याला खरेदीला जातंही.

शेवटची पायरी: एक दुवा तोडून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आतापर्यंत सगळे घाट उघडे धरले. 2021 च्या जुलैतल्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळी घाटाची काय दशा झाली ते पोलादपूरकरांना सांगायला नको. महाबळेश्वर-पोलादपूर ही 40 किमीची रेघ खोडा आणि बेरजा पुन्हा करा.

ताम्हिणी नसेल तर पोलादपूर-पुणे आता पनवेलवरून: 45, 105 आणि 110, एकूण 260 किमी. ताम्हिणी असेल तर 150. एरवी या जोडीला ताम्हिणीचा फायदा फक्त दहा किमी होता, आज तो 110 आहे. पोलादपूर-महाबळेश्वर या जोडीचे हाल मात्र दोन्हीकडे आहेत. चिपळूण-कराडवरून 295 किमी, ताम्हिणीवरून 270. चाळीस किमीचा घाट बंद पडला की ताम्हिणी त्याची जागा घेऊ शकत नाही, थोडा हातभार लावते.

म्यू 2 वरून 3 झाला होता, तो इथे कामी आला. एक फेरा तुटला तरी दोन शिल्लक राहिले. सरासरी अंतराच्या आकड्यात, त्या 3 टक्क्यांत, हे कुठेच दिसलं नव्हतं. म्हणून नव्या रस्त्याचा हिशेब करताना दोन रकाने करावेत: सगळं सुरळीत असतानाचा फायदा, आणि शेजारचा प्रत्येक दुवा एकेकदा तोडल्यावरचा फायदा. दुसऱ्या रकान्यात अनेकदा पहिल्यापेक्षा मोठे आकडे येतात.

आता वरंधा. तो उघडा असेल तर पोलादपूरहून महाड-भोरमार्गे पुणे साधारण तेवढंच, दीडशेच्या आसपास. म्हणजे कोरड्या दिवसांत ताम्हिणीचा तो दहा किमीचा फायदाही नाहीसा होतो. पण वरंधा पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवतात, विशेषतः जड वाहनांसाठी, आणि आंबेनळीवर दरड येते तीही पावसाळ्यातच. दुवे एकेक करून तोडायची आपली रीत इथे अपुरी पडते, कारण एकाच पावसात दोन घाट एकदम जातात, आणि त्या पावसात ताम्हिणीवरही दरड येऊ शकते. म्हणून सह्याद्रीत हा तक्ता दोनदा करायचा: एक ऑक्टोबर ते मेचा, सगळ्या पायऱ्या शाबूत धरून. दुसरा जून ते सप्टेंबरचा, वरंधा पुसून, घाटांचे वेग उतरवून आणि आंबेनळी, कुंभार्ली, ताम्हिणी जोडीजोडीने तोडून.